पाऊण बाटली आणि पंधरा गुण

आपल्या डोकमर्डीच्या इमारतीत तळमजल्यावर तीन गाळे आहेत. एकात किराणा, एकात इस्त्रीवाला आणि मधल्यात गणिताची शिकवणी. शटर अर्धं वर, आत बाकांच्या चार रांगा, एक फळा आणि भिंतीवर सरांचा स्वतःचाच मोठा फोटो. मागच्या खेपेला तुम्ही दोघं त्या फोटोला हसलात तेव्हा मी तुम्हाला दटावलं होतं. ते दटावणं आता मागे घेते.

तुमच्या तिकडच्या शाळेत एकच गणित दोन रीतींनी करून दाखवायला सांगतात आणि त्याचा तुम्हाला वैताग येतो, असं परवा फोनवर म्हणालात. म्हणून हे लिहिते आहे. इथे उलटा वैताग आहे.

सरांच्या दोन बॅच आहेत. ए बॅच संध्याकाळी साडेपाचला भरते आणि तिला सर स्वतः शिकवतात. बी बॅच दुपारी तीनला, पत्र्याच्या पडवीत, आणि तिथे सर आपल्या पुतणीला पाठवतात. ती बिचारी सगळा वेळ पाढे म्हणवून घेते. दर शुक्रवारी वीस प्रश्नांचं वर्कशीट असतं. पाच प्रश्न आदल्या दिवशी वर्गात सोडवून तिथेच तपासायचे, पंधरा घरी. वीसपैकी पंधराच्या खाली तीन वेळा गेलं की मूल बी बॅचमध्ये. एकदा गेलेलं मूल परत आल्याचं माझ्या पाहण्यात नाही. घरी सोडवलेल्या कागदावरून मुलांची हुशारी मोजणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला. वीसपैकी वीस मिळवणाऱ्या निदान चार आया मी नावानिशी सांगू शकते.

आमच्याकडे चार ते साडेपाच दोन मुली बसतात. दोघी सहावीत, एकाच वर्गात, एकाच बाकावर. एक चौथ्या मजल्यावरची. तिचे वडील सरकारी कचेरीत आहेत, मूळचे रत्नागिरीकडचे. दुसरी पहिल्या मजल्यावरची. तिचे वडील गलोंड्याला बाटल्या भरण्याच्या कारखान्यात मशीनवर आहेत, मूळचे धुळ्याचे. दोघींच्या आया नोकरी करतात, म्हणून त्या माझ्या जेवणाच्या टेबलावर अभ्यास करतात आणि माझी बिस्किटं संपवतात. मी एकीला वरची म्हणते, दुसरीला खालची. त्यात मजल्याखेरीज काही नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

त्या शुक्रवारी खालची आली तीच तोंड पाडून. वर्गातले पाच प्रश्न कोनांचे होते आणि पाचही चुकले होते. आधी दोनदा ती पंधराच्या खाली गेलेली होती.

"म्हणजे घरचे पंधराच्या पंधरा बरोबर यायला हवेत," वरची म्हणाली. तिला हिशेब चटकन जमतो, विशेषतः दुसऱ्याच्या संकटाचा.

"माहितीये मला."

"एक जरी गेलं ना..."

"माहितीये म्हटलं ना यार. तू तुझा कागद काढ."

उत्तरं ताडून बघणं हा त्यांचा दर शुक्रवारचा रिवाज. वरची वर्गात पहिली, त्यामुळे तिचा कागद म्हणजे जवळजवळ उत्तरपत्रिकाच. मी समोर बसून डब्यांना नवीन चिठ्ठ्या लावत होते. धने, जिरे, ओवा. तुमच्या आईला माझ्या चिठ्ठ्यांचं हसू येतं, पण अंधारात ओवा कुठे आहे ते मला माहीत असतं.

सहाव्या प्रश्नापासून सुरुवात झाली. सहा, सात, आठ, सगळं सारखं. दोघी पाळीपाळीने आकडे म्हणत होत्या. चौदाव्या प्रश्नावर गाडी अडली.

"पंचेचाळीस," खालची म्हणाली.

"अठ्ठेचाळीस."

"काय?"

"अठ्ठेचाळीस. चार आणि आठ."

खालचीचा हात खोडरबराकडे गेला. कुठे चुकलं हे तिने पाहिलंसुद्धा नाही. याच गोष्टीचा मला शिकवण्यांबद्दल सर्वांत जास्त तिटकारा आहे. मूल खोडायला आधी शिकतं.

प्रश्न असा होता. एक मशीन चोवीस सेकंदांत अठरा बाटल्या भरतं. त्याच वेगाने एका मिनिटात किती बाटल्या भरेल?

"थांब," वरची म्हणाली, "आधी दाखव तू काय केलंस. मला पण बघू दे किती वेडेपणा आहे."

खालचीच्या कागदावर दोनच ओळी होत्या.

२४ + २४ + १२ = ६०
१८ + १८ + ९ = ४५

"हे काय?"

"चोवीस सेकंदांत अठरा. परत चोवीसात परत अठरा. झाले अठ्ठेचाळीस सेकंद. राहिले बारा. बारा म्हणजे चोवीसचे अर्धे, मग अठराचे अर्धे नऊ. पप्पा असंच करतात. घड्याळाकडे बघतात आणि सांगतात, शिफ्टमध्ये किती निघणार."

"हे गणित नाहीये. ह्या उड्या आहेत. बेडूक आहेस का तू?"

आता माझा भाग सांगते. तो मला लपवता आला असता. मी चिठ्ठीवरून मान वर केली आणि म्हणाले, "अगं, असं बाजारात करतात. कागदावर नीट पायऱ्या लिहायच्या असतात. हिचं बघ, किती स्वच्छ आहे."

माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत, नन्सच्या हाताखाली झालं. तिथे पायरीखाली पायरी आणि बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह. मी खालचीच्या दोन ओळी वाचल्या नव्हत्या. त्या दोनच आहेत, एवढंच पाहिलं होतं. पन्नास वर्षांची शिस्त आणि एवढीच अक्कल.

वरचीचा कागद खरंच स्वच्छ होता. एका सेकंदात किती, हे आधी काढायचं आणि मग साठने गुणायचं. शाळेत याला एकमान पद्धत म्हणतात.

१ सेकंदात = १८ ÷ २४ = ०.७५ = ०.८
६० सेकंदांत = ०.८ × ६० = ४८

"एका सेकंदात शून्य पूर्णांक आठ बाटली," खालची वाचत म्हणाली. "अर्धवट बाटली कोण भरतं गं? तुझं मशीन काय दर सेकंदाला उचकी देतं?"

"पद्धत आहे ती. सर म्हणतात आधी एकाचं काढा."

"एकेक सेकंद मोजत जायचं. मुंगी आहेस तू."

"मुंगी वर्गात पहिली येते."

"म्हणून मुंगीचंच लिहिते मी," खालची म्हणाली आणि खोडायला लागली. पंचेचाळीसमधला पाच अर्धा गेलासुद्धा.

मग ती थांबली. कागदावर खोडरबर तसंच धरून म्हणाली, "एक सांग. तुझ्या मुंगीला चोवीस सेकंद चालव ना."

"कशाला?"

"असंच. चोवीस सेकंदांत अठरा बाटल्या होतात हे तर कागदावरच छापलंय. मग तुझ्या पद्धतीने पण अठराच यायला पाहिजेत."

वरचीने नाक मुरडलं, पण पेन्सिल उचलली. शून्य पूर्णांक आठ गुणिले चोवीस. उत्तर आलं एकोणीस पूर्णांक दोन.

वरचीने गुणाकार पुन्हा केला. पुन्हा तेच.

"एक पूर्णांक दोन बाटल्या जास्त," खालची हळूच म्हणाली. "कुठून आणल्यास?"

"गुणाकार बरोबर आहे."

"मग पद्धतच चुकीची आहे तुझी!"

आता पारडं फिरलं होतं आणि खालचीला ते आवडलं होतं. बेडूक, बाजार, वेडेपणा, सगळं तिच्या डोळ्यांत परत आलेलं दिसत होतं. वरचीचे कान लाल झाले. पहिल्या येणाऱ्या मुलींना चुकायची सवय नसते, त्यामुळे त्यांना चूक फार लागते.

"पद्धत चुकीची कशी असेल? पुस्तकात आहे. शाळेत बाईंनी पण हीच शिकवली."

"मग उत्तर का नाही येत?"

"तू तुझी बेडकाची चालव चोवीसला."

"माझी तर चोवीसपासूनच सुरू होते, वेडे."

वरचीने कागद जवळ ओढला आणि स्वतःच्या पायऱ्यांवर बोट ठेवून वाचायला लागली. अठरा भागिले चोवीस, बरोबर. शून्य पूर्णांक पंचाहत्तर, बरोबर. बोट पुढच्या बरोबरच्या चिन्हावर येऊन थांबलं.

"हे शून्य पूर्णांक आठ मी का लिहिलं?"

"का लिहिलंस?"

"सरांचा नियम आहे. दशांशानंतर एकच आकडा ठेवायचा. पुढचा पाच किंवा पाचाच्या वर असेल तर एकने वाढवायचा."

"पण पंचाहत्तर म्हणजे पाऊण. पाऊण म्हणजे पाऊणच ना? वाढवलं तर ते पाऊण राहील का?"

वरचीने ०.८ वर काट मारली आणि तीन चतुर्थांश लिहिलं. साठचे तीन चतुर्थांश. साठचा चौथा भाग पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस.

"पंचेचाळीस," ती म्हणाली.

"पंचेचाळीस!"

"चोवीस लावू?" चोवीसचा चौथा भाग सहा, सहा त्रिक अठरा. "अठरा आले!"

"म्हणजे मुंगी पण बरोबर."

"मुंगी बरोबरच होती. मुंगीला सरांनी मध्येच एक ढकल दिली."

मला हसू आवरलं नाही. मग मला वाटलं, आता निदान काहीतरी उपयोगाचं करावं. मी म्हणाले, "पंचवीस सेकंद दिले तर बेडूक काय करेल?"

खालचीने ओठ चावला. "चोवीसला अठरा. राहिला एक सेकंद." ती अडली. "एक सेकंदाची उडी कितीची?"

"पाऊण बाटलीची," वरची म्हणाली. "अठरा भागिले चोवीस. बघ, माझ्याकडेच यावं लागलं."

"म्हणजे एवढीशी उडी मारायची तर बेडकाची मुंगी होते."

"आणि मुंगीने चोवीस पावलं एकदम टाकली की ती तुझी उडी."

"वेग तोच आहे म्हणून," खालची म्हणाली. "मशीन मध्येच बंद पडलं तर दोघींचंही चुकणार. पप्पांचं मशीन पडतं कधीकधी."

हे वाक्य ऐकून मी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. "त्याच वेगाने" हे शब्द त्या प्रश्नात होते आणि मी ते शंभर पुस्तकांत शंभर वेळा डोळ्यांखालून घातले आहेत. ते तिथे कशासाठी असतात हे मला या मुलीने सांगितलं.

खालचीने खोडलेला पाच परत ठळक केला. दोन ओळी तशाच ठेवल्या. वरचीने ०.८ खोडून तीन चतुर्थांश केलं. मी कुणालाही पायऱ्यांबद्दल काही बोलले नाही.

साडेपाचला त्या खाली गेल्या. मीही गेले. गाळ्यांसमोरच्या बाकावर आम्ही तीन-चार जणी रोज बसतो, आणि शटर अर्धं वर असल्यामुळे आत काय चाललं आहे ते ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत. सर तपासण्याचे कष्ट घेत नाहीत. मुलं शेजारच्याशी कागद बदलतात, सर उत्तरं वाचतात आणि मुलंच बरोबर-चूक करतात. वर्गात शिकवण्याचे पैसे सर घेतात आणि तपासायचं काम मुलांकडून फुकट करून घेतात, असं इस्त्रीवाला म्हणाला. तो तिसरी शिकलेला आहे आणि त्याचं म्हणणं मला कुठे खोडता येईना.

"चौदा," सर म्हणाले, "अठ्ठेचाळीस."

वर्गात समाधानाचा आवाज झाला. बाकी सगळ्यांचं अठ्ठेचाळीस आलं होतं. नियम सगळ्यांना पाठ होता.

"सर, पंचेचाळीस," वरची म्हणाली.

"अठ्ठेचाळीस. पुढे. पंधरा..."

"सर, अठ्ठेचाळीस येऊच शकत नाही. त्या हिशेबाने चोवीस सेकंदांत एकोणीसच्या वर बाटल्या होतात. प्रश्नातच अठरा दिलेत."

"पद्धत काय वापरलीस?"

"एकमान, सर. फक्त पाऊणचे आठ नाही केले. आणि हिने दुसऱ्या पद्धतीने केलंय, तिचं पण पंचेचाळीसच आलंय. दोन वेगळ्या रस्त्यांनी गेलो आणि एकाच ठिकाणी आलो, सर."

सरांनी खडू घेतल्याचा आवाज आला. ते फळ्यावर करत होते, हळू, कारण खडू मध्येच थांबत होता. मग त्यांनी जे केलं ते त्यांच्यासारखी माणसं नेहमीच करतात.

"छपाईची चूक आहे," सर म्हणाले. "पंचेचाळीस करून घ्या सगळ्यांनी. ज्यांचं पंचेचाळीस आहे त्यांना गुण."

छपाई! कागदावर उत्तर छापलेलंच नव्हतं. उत्तर सरांच्या वहीत होतं, सरांच्या अक्षरात. पण चूक मात्र छापखान्याने केली.

मग सर बाकांमधून फिरत खालचीपाशी आले असावेत.

"हे काय? पायऱ्या कुठे आहेत?"

"ह्याच पायऱ्या आहेत, सर. दोन."

"ही आपली पद्धत नाही. असं परीक्षेत चालणार नाही. अर्धा गुण."

बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी उठून उभी राहिले होते. आत जावं, सरांना त्यांच्याच फोटोखाली उभं करावं आणि माझ्या इंग्रजी शाळेतल्या सगळ्या इंग्रजीत चार शब्द ऐकवावेत, असं मनात आलं. पण जे शब्द सर बोलले होते तेच दीड तासापूर्वी मी माझ्या टेबलावर बोलले होते. फक्त मी अर्धा गुण कापला नव्हता, कारण माझ्या हातात गुण नव्हते. मी खाली बसले.

आत बेरीज चालली होती. प्रत्येकाने आपला आकडा ओरडून सांगायचा आणि सर वहीत लिहून घेणार. वरचीचे एकोणीस. मग खालचीची पाळी.

"साडेचौदा," ती म्हणाली.

"पंधराच्या खाली," सर म्हणाले. "तिसरी वेळ. सोमवारपासून तीन वाजता."

मग खालचीचा आवाज आला. घाबरलेला होता, पण ऐकू येण्याइतका मोठा.

"सर, साडेचौदा म्हणजे चौदा पूर्णांक पाच."

"मग?"

"तुमचा नियम आहे ना, सर. पुढचा पाच किंवा पाचाच्या वर असेल तर एकने वाढवायचा. पंधरा होतात, सर."

मागच्या बाकावरून एक जण हसला, मग सगळा वर्ग, आणि बाहेर इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. तिचा स्वतःचा नियम असता तर सरांनी सहज मोडला असता. तो सरांचाच होता, फळ्याच्या कोपऱ्यात लाल खडूने चौकट करून लिहिलेला, आणि सगळी ए बॅच त्याकडे बघत होती.

"बरं, बरं. पंधरा," सर म्हणाले. "पण पुढच्या वेळी पायऱ्या."

दुसऱ्या दिवशी चारला दोघी आल्या. सर त्या नियमावरून डस्टर फिरवून गेले, असं त्यांनी सांगितलं. लाल खडू नीट पुसला जात नाही, त्यामुळे चौकट अजून दिसते.

"आजी," खालचीने बिस्किट घेता घेता विचारलं, "तुम्ही काल म्हणालात ना, असं बाजारात करतात. बाजारात कुणाचं चुकतं का हो?"

"माझंच चुकलं," मी म्हणाले.

"मग अर्धा गुण कापू का?" वरची म्हणाली.

दोघी खिदळल्या. मी कापू दिला.